१००० नाणी, ६०० छापे: e^(tX) कुठून येतं आणि t किती घ्यायचा?

प्रश्न: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. नाणं १००० वेळा उडवलं तर ६०० किंवा जास्त छापे पडण्याची संभाव्यता चेबिशेव्हने काढली, ०.०२५ च्या आत आली. पुस्तकात मात्र मध्येच e^(tX) घेतात, मोमेंट जनरेटिंग फंक्शन लावतात आणि उत्तर e^(-20) च्या घरात जातं. हे e^(tX) सुचतं कुठून? t कोण ठरवतं? आणि एवढं लहान उत्तर खरं मानायचं का?

उत्तर: e^(tX) घेतात कारण छाप्यांची बेरीज घातांकात गेली की तिचा गुणाकार होतो, आणि नाणी स्वतंत्र असतील तर गुणाकाराची सरासरी एकेका नाण्यावर सुटी करता येते. t आपण ठरवायचा. कुठलाही धन t चालतो, पण तुमच्या उदाहरणात सगळ्यात चांगला t म्हणजे ln 1.5. आलेली मर्यादा खरी आहे, खात्रीची आहे, आणि नेमक्या संभाव्यतेच्या सुमारे १३ पट मोठी आहे. आता हे सावकाश बघू, कारण वर्गात ही सिद्धता चार ओळींत उरकली जाते आणि त्या चार ओळींत नेमकं काय घडलं ते फळ्यावरच राहतं.

आधी चेबिशेव्ह कुठे कमी पडतो ते पाहा. X म्हणजे छाप्यांची संख्या. आपल्याला हवी आहे ती एका पायरीची सरासरी: X जर ६०० किंवा जास्त असेल तर १, नाही तर ०. ही पायरी थेट हाताळणं जड जातं, म्हणून तिच्या वरून जाणारी एखादी सोपी रेषा घ्यायची आणि तिची सरासरी काढायची. ती रेषा कुठेही ऋण नको, आणि ६०० पासून पुढे १ च्या खाली जायला नको. एवढ्या दोन अटी पाळल्या की तिची सरासरी आपल्या संभाव्यतेपेक्षा कमी असूच शकत नाही. मार्कोव्हची असमानता म्हणजे एवढंच. चेबिशेव्ह जी रेषा घेतो ती म्हणजे

((X − 500)/100)²

X = 600 ला ती १ आहे, हे बरोबर. पण रोजच्या निकालांवर तिची किंमत किती? प्रमाण विचलन √250, म्हणजे १५.८ आहे. ५१६ छापे पडणं ही अगदी सामान्य गोष्ट, आणि तिथे ही रेषा ०.०२५६ वर उभी आहे. ४८४ ला तेवढीच. म्हणजे तुम्हाला आलेलं ०.०२५ हे ६०० छाप्यांच्या भीतीतून आलेलं नाही. ते जवळजवळ पूर्ण ५१६ आणि ४८४ सारख्या निरुपद्रवी निकालांच्या खात्यातून आलं आहे. वर्गाची रेषा मधल्या भागात पुरेशी खाली बसत नाही, इतकंच तिचं दुखणं.

मग वर्गाच्या जागी चौथा घात घेऊ. १०० ने भागून चौथा घात केला की मर्यादा ०.००१९ येते. सहावा घात घेतला की ०.०००२ च्या आसपास. घात वाढवत नेला की मधला भाग आणखी दबतो आणि उत्तर सुधारतं, पण प्रत्येक नव्या घाताला नवं परिबल, म्हणजे मोमेंट, काढावं लागतं, आणि दहाव्या-बाराव्या परिबलापर्यंत हिशेब हाताबाहेर जातो.

इथे विद्यार्थ्यांचा हमखास होणारा एक गैरसमज दूर करते. e^(tX) ने येणारी मर्यादा सगळ्यांत सरस असते असं नाही. छाप्यांची संख्या ऋण नसते, त्यामुळे e^(tX) म्हणजे X च्या सगळ्या घातांचं धन वजनं लावून केलेलं मिश्रण आहे, आणि मिश्रण त्यातल्या सर्वोत्तम घटकापेक्षा सरस असू शकत नाही. म्हणजे X चा योग्य घात शोधून काढलात तर तुमची मर्यादा घातांकी मर्यादेइतकी किंवा तिच्याहून चांगलीच येईल. तरी सगळे e^(tX) कडे वळतात, कारण परिबलं एकेका नाण्यात सुटी होत नाहीत आणि e^(tX) होतं. हा सुटेपणा हीच त्याची खरी कमाई.

आता सिद्धता. t धन घ्या आणि पायरीवरून जाणारी रेषा म्हणून e^(t(X − 600)) घ्या. ६०० ला ती बरोबर १, पुढे १ पेक्षा जास्त, मागे कुठेही ऋण नाही. म्हणून

P(X ≥ 600) ≤ e^(−600t) · E[e^(tX)]

X = X₁ + X₂ + … + X₁₀₀₀, जिथे प्रत्येक नाणं छाप्याला १ आणि काट्याला ० देतं. एका नाण्याचं मोमेंट जनरेटिंग फंक्शन, म्हणजे e^(tX₁) ची सरासरी, तोंडी येतं: अर्धा वेळ e^0, अर्धा वेळ e^t, म्हणजे (1 + e^t)/2. स्वतंत्रता इथे, आणि फक्त इथेच, वापरली जाते: हजार नाण्यांच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे हजार सरासऱ्यांचा गुणाकार. तेव्हा

P(X ≥ 600) ≤ e^(−600t) · ((1 + e^t)/2)^1000

ही ओळ प्रत्येक धन t साठी खरी आहे. t ला इथे संभाव्यतेच्या दृष्टीने काही अर्थ असायलाच हवा असं नाही. ते आपल्या हातातलं बटण आहे, फिरवून बघायचं. मी विद्यार्थ्यांना इथे अवकलन करू देत नाही, आधी आकडे घालायला लावते. t = 0.1 ला उजवी बाजू e^(−8.75) येते. हे चेबिशेव्हपेक्षा कितीतरी चांगलं. t = 0.3 ला e^(−18.8). t = 0.5 ला e^(−19.1). t = 0.8 ला पुन्हा वर चढून e^(−2.05), आणि t = 1 घेतला तर e^(+20), म्हणजे काहीच न सांगणारी मर्यादा. लहान t ला रेषा फार सपाट असते, मधला भाग दबत नाही. मोठ्या t ला रेषा ६०० च्या पुढे अशी सुसाट वर जाते की ७००-८०० छाप्यांसारख्या निकालांची अतिक्षुद्र संभाव्यताही ती फुगवून ठेवते. चांगला t या दोघांच्या मध्ये कुठेतरी, ०.३ आणि ०.५ च्या दरम्यान आहे, हे आता डोळ्यांना दिसतं.

नेमका काढायचा तर लॉगरिदम घेऊन t ने अवकलन करा आणि शून्याशी जुळवा. येतं

e^t / (1 + e^t) = 600/1000

म्हणजे e^t = 0.6/0.4 = 1.5, आणि t = ln 1.5, सुमारे ०.४०५५. तो परत घातला की

P(X ≥ 600) ≤ 1.25^1000 / 1.5^600 = e^(−20.1355) ≈ 1.80 × 10^(−9)

ढोबळ मानाने ५५ कोटी फेऱ्यांत एकदा.

आता या १.५ कडे जरा थांबून पाहा, कारण या विषयातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट इथे आहे. E[e^(tX)] काढताना आपण प्रत्येक निकालाला १.५ चा (छाप्यांची संख्या) एवढा घात हे वजन देतो. म्हणजे प्रत्येक नाण्यावर छाप्याला १.५ आणि काट्याला १ असं वजन. हे वजन १.५ : १, म्हणजेच ०.६ : ०.४. गुपचूप आपण चोख नाणं बाजूला ठेवून ०.६ छाप्याचं वाकडं नाणं हातात घेतलं आहे! त्या वाकड्या नाण्याला १००० मध्ये ६०० छापे हा अगदी नेहमीचा निकाल. t फिरवणं म्हणजे नाणं वाकवणं, आणि सर्वोत्तम t म्हणजे ज्या वाकड्या नाण्याला आपली दुर्मीळ घटना सहज घडते तो t. वरचं समीकरण e^t/(1 + e^t) = 0.6 हेच सांगत होतं, आपण त्याला नुसतं अवकलन समजलो.

आणि इथूनच मर्यादा कुठे किती सैल आहे तेही नेमकं कळतं. नेमकी संभाव्यता म्हणजे मर्यादा गुणिले एक दुरुस्ती, आणि ती दुरुस्ती वाकड्या नाण्यावर मोजायची: छापे ६०० च्या खाली गेले तर ०, ६०० ला १, ६०१ ला १/१.५, ६०२ ला १/१.५², असं पुढे. वाकड्या नाण्याचं प्रमाण विचलन √240, म्हणजे १५.५. नेमके ६०० येण्याची त्याची संभाव्यता सुमारे १/३८.८, आणि लगतच्या संख्यांची जवळपास तेवढीच. 1 + 1/1.5 + 1/1.5² + … ही बेरीज ३. म्हणून दुरुस्ती साधारण ३/३८.८, म्हणजे तेराव्या हिश्श्याच्या आसपास. संगणकावर तपासून पाहा:

```python
from math import comb, exp, log
n, a = 1000, 600
exact = sum(comb(n, k) for k in range(a, n + 1)) / 2**n
t = log(a / (n - a))
bound = exp(-t*a) * ((1 + exp(t)) / 2)**n
print(exact, bound, bound / exact)
```

नेमकी संभाव्यता 1.36 × 10^(−10), म्हणजे ७३३ कोटी फेऱ्यांत एकदा, आणि गुणोत्तर सुमारे १३.२ येतं. घातांकातले २० बरोबर, बाहेरचा गुणक १३ ने सैल. n वाढवत न्याल तसा हा सैलपणा √n च्या गतीने वाढतो, पण मर्यादा स्वतः e च्या घातांकात घसरत असते, त्यामुळे घातांकाच्या मानाने तो किरकोळ ठरतो.

वहीत e^(−20) असा गोल आकडा दिसला असेल तर ते याच सिद्धतेचं सुटसुटीत रूप. छाप्याला +१ आणि काट्याला −१ धरा. मग एका नाण्याचं फंक्शन cosh t होतं. त्याची मालिका आणि e^(t²/2) ची मालिका शेजारी ठेवा: t^(2k) खाली एकीकडे (2k)! आहे आणि दुसरीकडे 2^k · k!, आणि पहिला कधीच दुसऱ्यापेक्षा लहान नसतो. म्हणून cosh t ≤ e^(t²/2). आता t काढणं म्हणजे नुसता वर्गसमीकरणाचा नीचांक, आणि छापे निम्म्यापेक्षा d ने जास्त पडण्याची संभाव्यता

P(X ≥ n/2 + d) ≤ e^(−2d²/n)

d = 100, n = 1000 घातलं की e^(−20), म्हणजे 2.06 × 10^(−9). आधीच्या 1.80 पेक्षा किंचित सैल, पण पाठ राहतं आणि हाताने वापरता येतं. हॉफडिंग यांनी १९६३ साली हे ०-१ नसलेल्या, पण मर्यादित पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्या स्वतंत्र चलांसाठी मांडलं. आधीची पद्धत चर्नॉफ यांच्या १९५२ च्या लेखामुळे त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती सोपी सिद्धता हर्मन रुबिन यांची, असं खुद्द चर्नॉफ सांगत आले.

"मग सरळ नॉर्मल वक्राचा तक्ता का नाही वापरायचा?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ५९९.५ धरून नॉर्मलने 1.56 × 10^(−10) येतं, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जास्त जवळ. अंदाज हवा असेल तर खुशाल वापरा. पण तो अंदाज आहे. मध्यवर्ती सीमा प्रमेयाची जी सर्वसाधारण हमी आहे, ती १००० नाण्यांना शंभरात एकाच्या आसपासच्या चुकीची. दहा अब्जांत एकच्या गोष्टीवर शंभरात एकच्या हमीने सही कशी करणार? चर्नॉफची मर्यादा तेरा पट सैल आहे, पण तिच्याखाली सही करता येते.

ती कुठे वापरू नये हेही तितकंच सांगायला हवं. n = 100 आणि ६० छापे घ्या. प्रमाण तेच, ०.६. चर्नॉफ e^(−2.01), म्हणजे ०.१३४ देतो. चेबिशेव्ह दोन्ही बाजूंचा मिळून ०.२५ देतो. चोख नाणं दोन्ही बाजूंना सारखं असल्याने निम्मं करा, ०.१२५. म्हणजे इथे चेबिशेव्ह जिंकला! नेमकं उत्तर ०.०२८४ आहे, दोघेही लांबच. जॉन केरिक या गणितज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना नाणं १०,००० वेळा उडवून नोंदलं होतं, ५०६७ छापे पडले. d = 67 घातलं की घातांक जेमतेम ०.९ येतो. एका बाजूची मर्यादा ०.४१, दोन्ही बाजूंची ०.८१, जिथे खरी संभाव्यता ०.१८ च्या आसपास आहे. या मर्यादेकडून केरिक यांच्या नाण्याबद्दल काही कळत नाही. हिशेब प्रमाण विचलनात करा: सरासरीपासून z विचलनं दूर असाल तर मर्यादा e^(−z²/2), आणि सैलपणाचा गुणक ढोबळ मानाने 2.5z. z = 2 ला हे महाग पडतं, z = 6 ला नगण्य. आणि हजारापर्यंतच्या नाण्यांचं नेमकं उत्तर वरच्या सहा ओळी क्षणात देतात. मर्यादा लागते ती जिथे n अक्षरातच राहतो तिथे, किंवा जिथे एका वेळी लाखो घटनांच्या संभाव्यता बेरजेत धरायच्या असतात तिथे.

शेवटी स्वतंत्रतेबद्दल, कारण माझ्या कामात ही मर्यादा चुकली ती प्रत्येक वेळी इथेच. काही वर्षांपूर्वी मी सिम्युलेशनचं काम पाहत होते. १००० नाण्यांचा प्रयोग दहा समांतर प्रक्रियांत वाटला होता, प्रत्येकीत शंभर. पहिल्या तीस-चाळीस फेऱ्यांतच एका फेरीत एकूण ६०० छापे आले. ७३३ कोटींत एकदा घडायचं ते पहिल्याच दुपारी. हाताखालच्या मुलाने यादृच्छिक आकड्यांच्या जनरेटरच्या दर्जावर संशय घेतला आणि दोन दिवस दुसरा जनरेटर लावण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी छाप्यांच्या संख्यांची यादी छापून समोर ठेवली: ४९०, ५३०, ४४०, ५१०, ६००, ४७०. प्रत्येक संख्या १० च्या पटीत. दहाही प्रक्रियांच्या जनरेटरना एकच सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, मिळत होतं, म्हणजे तीच शंभर नाणी दहा वेळा मोजली जात होती.

सिद्धतेत याचा अर्थ पाहा. हजार सरासऱ्यांचा गुणाकार ही पायरी खोटी ठरली. खरे स्वतंत्र नाणेफेक शंभरच, म्हणून घातांक २०.१ नाही, २.०१. मर्यादा ०.१३४ आणि खरी संभाव्यता ०.०२८, म्हणजे पस्तीस फेऱ्यांत एकदा. नेमकं तेच दिसत होतं. नाणी जोडीजोडीनेच चिकटलेली असती तरी घातांक निम्मा झाला असता: e^(−10.07), अब्जात दोनच्या जागी एक लाखात चार. सरासरी ५०० च राहते, एकेक नाणं चोखच दिसतं, त्यामुळे नुसतं छाप्यांचं प्रमाण तपासून हे कधीच सापडत नाही. सापडतं ते प्रचरणात. अनेक फेऱ्यांमधल्या छाप्यांच्या संख्यांचं प्रचरण काढा आणि n/4 शी ताडून पाहा. आमच्याकडे २५० यायला हवं होतं, २५०० च्या आसपास येत होतं. हे गुणोत्तर जितकं, साधारण तितक्याने तुमचा घातांक भागला गेला आहे. e^(−20) वर विसंबण्याआधी ही एक तपासणी मी आता दर वेळी करते.